एक मीटर, चार बिऱ्हाडं: धनकवडीतल्या एका मे महिन्याच्या बिलाचा हिशेब

मी घरगुती वायरिंगची कामं घेतो. 2024 च्या मार्चअखेरीस धनकवडीतल्या एका घरमालक काकांचा फोन आला. "चारही ठिकाणी सबमीटर बसवून द्या, रोजची कटकट मिटू दे." सबमीटर बसवले की कटकट मिटते असं बहुतेकांना वाटतं, मलाही बरीच वर्षं तसंच वाटायचं. या घरात मात्र सबमीटर बसवल्यावर खरा प्रश्न समोर आला. तो पुढे कसा सुटला ते मी आकड्यांसकट लिहितो आहे, कारण पुण्याच्या उपनगरांत अशी घरं शेकड्यांनी आहेत.

घर तळमजला अधिक दोन मजल्यांचं. महावितरणचा मीटर एकच, काकांच्या नावावर. तळमजल्यावर काका-काकू. पहिल्या मजल्यावर दोन बिऱ्हाडं: एका खोलीत दवाखान्यात काम करणाऱ्या सिस्टर एकट्या, आणि शेजारच्या दोन खोल्यांत नवरा-बायको व दोन लहान मुलं. दुसऱ्या मजल्यावर कॉम्प्युटरचं काम घरून करणारी दोन मुलं, त्यांच्याकडे एसी. एकूण माणसं नऊ.

आजवर बिल डोईप्रमाणे वाटलं जात होतं. बिल भागिले नऊ, आणि ज्याच्या घरात जितकी माणसं तितके वाटे. एसी नव्हता तोवर कुणी काही बोललं नाही. एसी आल्यावर पहिल्या मजल्यावरच्या वहिनींनी आवाज उठवला, आणि त्यांचं म्हणणं रास्त होतं. त्यांची धाकटी मुलगी दोन वर्षांची. तिच्या नावावर एक अख्खा वाटा, आणि दिवसभर एसीत बसणाऱ्या दोघांचे मिळून दोनच वाटे. दिवे, पंखा, फ्रिज, टीव्ही ही उपकरणं माणसं मोजून चालत नाहीत. डोईप्रमाणे वाटणी पाण्याला बऱ्यापैकी लागू पडते, विजेला फारशी नाही.

सबमीटर बसवले. पहिल्याच महिन्यात चौघांच्या युनिटांची बेरीज आणि महावितरणच्या मीटरवरचे युनिट यांत 97 चा फरक आला. थोडा फरक राहणारच, कारण पंप आणि जिन्यातले दिवे कुणाच्याच सबमीटरवर नसतात. पण तो किती असावा याचा अंदाज आधी बांधता येतो. एक अश्वशक्तीचा पंप तासाला साधारण एक युनिट घेतो. इथे तो रोज सव्वा तास चालायचा, म्हणजे महिन्याला चाळीसच्या आतबाहेर. जिन्यातले तीन एलईडी दिवे रात्रभर जळले तरी नऊ-दहा युनिट. एकूण पन्नास. उरलेल्या जवळपास पन्नास युनिटांचा पत्ता लागत नव्हता, आणि घरात कुजबूज सुरू झाली की वरच्या मुलांनी तारेत काहीतरी केलंय.

अशा वेळी कुणाकडे बोट दाखवण्याआधी एक चाचणी करायची. भर दिवसा, जिन्यातले दिवे बंद असताना, चारही बिऱ्हाडांचे सबमीटरनंतरचे स्विच पाडायचे, पंप बंद ठेवायचा आणि मुख्य मीटरवरच्या लाल दिव्याकडे बघत बसायचं. एका युनिटला तो किती वेळा लुकलुकतो हे मीटरवरच छापलेलं असतं. इथे 3200 होतं. सगळं खरोखर बंद असेल तर दिवा लुकलुकायला नको. सुरुवातीला तो शांतच होता. मी अर्धा तास थांबलो, आणि थांबायलाच हवं होतं, कारण वीस मिनिटांनी तो दर सात-आठ सेकंदांना लुकलुकू लागला. गणित केलं तर दीडशे वॅटच्या आसपासची वस्तू. मध्येच सुरू होणारी, मध्येच बंद पडणारी दीडशे वॅटची वस्तू म्हणजे फ्रिज.

जिन्याखालच्या कोनाड्यात काकूंचा जुना फ्रिज होता. लोणची, विरजण, पाहुण्यांच्या वेळची भाजी त्यात असायची. त्याचा प्लग जिन्याच्या बोर्डावर, वीस वर्षांपूर्वीच्या वायरिंगपासून. त्यात लबाडी नव्हती. त्या दोघांच्या ते लक्षातही नव्हतं. काकू अगदी ओशाळल्या. त्या दुपारीच मी ती लाइन काकांच्या सबमीटरवर घेतली.

आणखी एक दुरुस्ती करावी लागली. सबमीटर एक तारखेला वाचायचे असं ठरलं होतं, पण महावितरणचं रीडिंग महिन्याच्या मध्यात व्हायचं. उन्हाळ्यात एकेक आठवड्याचा वापर इतका बदलतो की दोन वेगळ्या तारखांची रीडिंगं जुळवणं अशक्य होतं. बिलावर चालू रीडिंगची तारीख असते. त्याच दिवशी चारही सबमीटरचे फोटो काढून ग्रुपवर टाकायचे असं ठरलं, आणि ते काम सिस्टरांनी आपणहून घेतलं.

मे महिन्याचं बिल या दुरुस्त्यांनंतरचं, म्हणून हिशेबाला तेच घेतो. मुख्य मीटरवर 560 युनिट. काकांचे 110, सिस्टरांचे 45, वहिनींच्या घरचे 125, वरच्या मुलांचे 230. बेरीज 510, आणि सामाईक 50. पंप-दिव्यांच्या अंदाजाशी हे बरोबर जुळलं.

आता दर. महावितरणचा घरगुती दर टप्प्यांनी चढतो: पहिले 100 युनिट, मग 300 पर्यंत, मग 500 पर्यंत, आणि त्यापुढे. 2024-25 साली ऊर्जा आकार आणि वहन आकार मिळून हे दर साधारण 6 रुपये, साडेअकरा, पावणेसोळा आणि पावणेअठरा असे होते. हिशेब डोक्यात बसावा म्हणून मी ते गोल केले आहेत. त्यावर सुमारे 130 रुपये स्थिर आकार आणि सगळ्या रकमेवर 16 टक्के वीज शुल्क. असं मांडलं की 560 युनिटांचं बिल 8,404 रुपये येतं. सरासरी काढली तर युनिटला 15 रुपये.

युनिटला 15 रुपये हा आकडा ऐकल्यावर सिस्टर गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "दादा, मी महिन्याला पंचेचाळीस युनिट जाळते. माझा स्वतःचा मीटर असता तर मी सहा रुपयांच्या वर गेलेच नसते. मग पंधरा का देऊ?"

या एका वाक्यामुळे मी पुढचा हिशेब करायला बसलो. सबमीटर बसवणारा प्रत्येक घरमालक पुढे हेच करतो: बिल भागिले युनिट, आणि तो दर सगळ्यांना. दिसायला यापेक्षा निष्पक्ष काही नाही. पण टप्प्यांच्या दरात कमी वापरणाऱ्याला जी सवलत असते ती या भागाकारात नाहीशी होते. सिस्टरांचे स्वस्तातले युनिट आणि एसीचे महागातले युनिट एकाच पातेल्यात ढवळले जातात. डोईप्रमाणे त्यांना 934 रुपये आले असते. सरासरी दराने त्यांच्या युनिटांचे 675 आणि वर सामाईकातला वाटा. पहिल्यापेक्षा बरं, पण न्याय्य नाही.

मग काकांच्या मुलाने दुसरं टोक धरलं. "एसी नसता तर बिल किती आलं असतं ते काढा, वरचं सगळं त्या पोरांनी भरायचं." तेही काढून पाहिलं. मुलांचे 230 वजा केले तर 330 युनिट उरतात, आणि बिल 4,063 रुपयांवर येतं. फरक 4,341 रुपयांचा. मुलांपैकी एकाने शांतपणे जे उत्तर दिलं ते मला पटलं. "आमचे युनिट शेवटचे कशावरून? पाचशेचा टप्पा सगळ्यांच्या युनिटांनी मिळून ओलांडलाय. काकांचे 110 शेवटचे धरले, तर तेही वरच्याच दरात जातील." खरंच आहे. मीटर युनिट मोजतो, ते कुणाचे आणि कुठल्या क्रमाने आले हे त्याला माहीत नसतं. आधी राहायला आलेल्यांना स्वस्त टप्पा आणि नंतर आलेल्यांना महाग, हा नियम कुठल्याच न्यायात बसत नाही.

दोन्ही म्हणण्यांत तथ्य असल्यामुळे मी सुचवलेली पद्धत अशी. प्रत्येक बिऱ्हाडाला स्वतंत्र मीटर आहे असं समजायचं आणि त्याच्या युनिटांना पहिल्यापासून टप्पे लावायचे. येणारी रक्कम म्हणजे त्या बिऱ्हाडाचं वजन. प्रत्यक्ष बिल त्या वजनांच्या प्रमाणात वाटायचं. सिस्टरांचे 45 गुणिले 6 म्हणजे 270. काकांचे पहिल्या शंभराचे 600 आणि दहाचे 115, म्हणजे 715. वहिनींकडचे 600 अधिक 287.50, म्हणजे 887.50. मुलांचे 600 अधिक 1,495, म्हणजे 2,095. एकूण वजन 3,967.50.

बिलातून आधी सामाईक 50 युनिटांचे, 15 रुपये दराने, 750 बाजूला काढले. उरले 7,654. त्याला 3,967.50 ने भागलं की सुमारे 1.93 येतात, आणि प्रत्येकाचं वजन त्याने गुणायचं. मुलांच्या वाट्याला या पद्धतीने 4,042 आले. सरासरी दराने 3,452 आले असते, आणि काकांच्या मुलाच्या पद्धतीने 4,341. सिस्टरांचे 675 वरून 521 वर आले.

सामाईक 750 रुपयांवर वेगळी चर्चा झाली, आणि तिथे डोई परत आल्या. पंप चालतो पाण्यासाठी, आणि पाणी माणसं वापरतात. म्हणून पंपाच्या 40 युनिटांचे 600 रुपये डोईप्रमाणे आणि जिन्याच्या 10 युनिटांचे 150 रुपये बिऱ्हाडाप्रमाणे. वहिनींना इथे जास्त पडले, पण त्यांनी हरकत घेतली नाही. धुणं कुणाकडे जास्त असतं हे त्यांना ठाऊक होतं. उन्हाळ्यात टँकर मागवावा लागला तर त्याचे पैसेही याच डोईच्या हिशेबाने घ्यायचे असं तेव्हाच ठरवून टाकलं. पाण्यासाठी खोलीगणिक मीटर बसवण्याचा विचार इथे सोडूनच दिला, कारण गच्चीवरच्या टाकीतून प्रत्येक संडास-मोरीला वेगळा पाइप आला होता आणि एका बिऱ्हाडाला दोन-तीन मीटर लागले असते.

शेवटी मे महिन्याचं चित्र असं झालं:

| बिऱ्हाड | युनिट | जुनी डोईची पद्धत | नवी पद्धत, सामाईक धरून |
|---|---|---|---|
| काका-काकू | 110 | 1,868 | 1,550 |
| सिस्टर | 45 | 934 | 625 |
| वहिनींचं घर | 125 | 3,735 | 2,016 |
| वरची मुलं | 230 | 1,868 | 4,213 |

मुलांचा आकडा दुपटीहून वर गेला. एवढा बदल एका महिन्यात कुणाच्या अंगावर टाकू नये असं मी काकांना सांगितलं, आणि मेचं बिल काकांनी स्वतः थोडी झळ सोसून वाटलं. एक गोष्ट मात्र मला स्पष्ट बोलावी लागली. काकांचा मुलगा चर्चेच्या भरात म्हणाला होता, "नसेल द्यायचं तर वरची लाइनच पाडू." हे करता येत नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 च्या कलम 29 प्रमाणे घरमालकाला योग्य कारणाशिवाय भाडेकरूचं वीज-पाणी तोडता येत नाही. बिलाचा वाद असला तरी स्विच हे वसुलीचं हत्यार नव्हे.

पद्धत लागू केल्यावर दोन शंका आल्या. पहिली वहिनींची: "दर महिन्याला एवढं गणित कोण करणार?" मुलांनीच एक शीट बनवली, चार रीडिंगं आणि बिलाची रक्कम भरली की झालं. टप्प्यांचे दर दरवर्षी बदलू शकतात, तेवढे बिलावर बघायचे. शिवाय ज्या महिन्यात सगळ्यांचेच युनिट शंभराच्या आत असतात, त्या महिन्यात प्रत्येकाचं वजन 6 रुपयांच्याच पटीत येतं, आणि ही पद्धत व साधा सरासरी दर यांचं उत्तर एकच निघतं. या घरी आंघोळीचं पाणी गॅसच्या गिझरवर तापतं, त्यामुळे एसी बंद असलेले महिने असेच गेले.

दुसरी शंका काकांची, आणि ती पैशांची होती. मे महिन्याच्या सुमारास महावितरणकडून अतिरिक्त सुरक्षा ठेवीचं वेगळं बिल आलं. वापर वाढला की ठेव वाढते. काकांना ती चौघांत वाटायची होती. ती वाटायची नसते. ठेव काकांच्या नावावर जमा राहते, तिच्यावर व्याज मिळतं, आणि भाडेकरू गेला तरी ती काकांचीच असते. बिल उशिरा भरल्याचा आकारही वाटणीत धरायचा नाही. ज्याच्यामुळे उशीर झाला त्याने तो द्यायचा. काकांनी दोन्ही मान्य केलं.

इतकं सगळं झाल्यावर मी एक आकडा काढून काकांसमोर ठेवला, आणि खरं तर तोच आकडा मी पहिल्या दिवशी काढायला हवा होता. चारही बिऱ्हाडांना आणि पंप-जिन्याला स्वतंत्र मीटर असते, तर पाच स्थिर आकार भरूनही मे महिन्याची सगळी बिलं मिळून 5,704 रुपये झाली असती. प्रत्यक्ष बिल 8,404. म्हणजे 2,700 रुपये कुणाच्याही वापरामुळे गेले नव्हते. सगळे एका मीटरवर एकत्र आले म्हणून गेले. नऊ माणसं महिनोन्महिने एकमेकांकडे संशयाने बघत होती, आणि एवढी रक्कम दर उन्हाळ्यात त्यांच्या भांडणाच्या बाहेरच राहत होती. मला याचं फार वाईट वाटलं.

स्वतंत्र मीटर मागायचा हक्क भाडेकरूलाही आहे. विद्युत अधिनियम, 2003 च्या कलम 43 मध्ये जागेचा मालक किंवा ताबेदार, दोघांचाही उल्लेख आहे. प्रत्यक्षात मात्र मालकाचं संमतिपत्र, नोंदणीकृत भाडेकरार, मालमत्ता कराची पावती आणि परवानाधारक ठेकेदाराचा चाचणी अहवाल हे कागद तयार ठेवले की काम अडत नाही. जागा खरोखर वेगळी असावी लागते: वेगळं दार, वेगळं स्वयंपाकघर, वेगळी वायरिंग. एकाच घरात टप्पा चुकवायला दुसरा मीटर मागितला तर अर्ज नाकारला जातो, आणि तो नाकारणं बरोबरच आहे.

काकांची तयारी एकाच वेळी एकच मीटर घेण्याची होती, कारण प्रत्येक जोडणीबरोबर मीटरच्या जागेपासून खोलीपर्यंत नवी केबल टाकायचा खर्च होता. पहिला कुणाला? सगळ्यांच्या तोंडी सिस्टरांचं नाव आलं. त्यांच्यावर अन्याय झाला होता. मीही आधी हो म्हणालो, मग घरी येऊन हिशेब केला. सिस्टर आणि वहिनी, दोघींना वेगळे मीटर दिले तर मे महिन्यात सगळ्यांचे मिळून 1,600 रुपये वाचतात. फक्त वरच्या मुलांना एक मीटर दिला तर 1,760. सर्वांत मोठा वापर बाहेर काढला की मागे 330 युनिट राहतात; पाचशेचा टप्पा दूर जातो आणि तीनशेपुढचे जेमतेम तीस युनिट उरतात. मागे राहिलेल्यांचा सरासरी दर 15 वरून सव्वाबारावर येतो, आणि मुलांचं स्वतःचं बिल 4,213 ऐवजी 2,581. अन्याय सिस्टरांवर झाला होता, पण सगळ्यांचा मिळून भार सर्वांत जास्त हलका होत होता तो मुलांच्या मीटरने.

हे सिस्टरांना मी स्वतः जाऊन सांगितलं, कारण त्यांचा नंबर मागे जात होता. त्यांनी कागदावरचे आकडे दोनदा तपासले आणि म्हणाल्या, "ठीक आहे, पण दुसरा मीटर माझा, हे आत्ताच लिहून घ्या." काकांनी त्याच कागदाच्या मागे लिहून सही केली.

दिवाळीच्या आधी मुलांचा मीटर लागला. केबलचा खर्च काकांनी केला, जोडणीचं शुल्क मुलांनी भरलं. पंपाचा त्यांचा वाटा, दोन डोई, ते अजूनही महिन्याच्या महिन्याला काकांकडे देतात.